उलट्या बाहीची माफी

माझं बटणांचं दुकान आहे. बटणं, दोरे, चेन, इलास्टिक, अस्तराची कापडं. आजूबाजूचे सगळे मला बटणवाल्या बाई म्हणतात आणि मीही त्याच नावाला ओ देते. माझ्या आणि शेजारच्या शिलाईच्या दुकानाच्या मध्ये भिंत म्हणून जे काही आहे ते प्लायवुड आहे. तिकडे कोणी शिंकलं तर मी इकडे दचकते. त्यामुळे मास्तर आणि वहिनींचं भांडण मी चोरून ऐकलं असं कोणी म्हणू नये. मला ते ऐकावंच लागलं.

मास्तर कापतात, वहिनी शिवतात. लग्न झाल्यापासूनची हीच वाटणी. मास्तर उभे, टेबलापाशी, कानावर खडू अडकवलेला. वहिनी मशीनवर, दाराकडे पाठ करून, कारण दाराकडे तोंड असलं की गिऱ्हाईक बोलत बसतं आणि शिलाई वाकडी जाते. पाटीवर फक्त मास्तरांचं नाव. पण ज्यांना कपड्यातलं कळतं ते ब्लाउज घ्यायला आले की आधी खांद्याचा जोड बघतात आणि वहिनींकडे बघून मान डोलावतात.

त्या दिवशी एका गाणाऱ्या बाईंचा मखमलीचा लांब कोट शिवायला होता. कार्यक्रम आठवड्यावर आलेला. मखमल म्हणजे नखरेल कापड. तिला लव असते. वरून खाली हात फिरवला की ती गुळगुळीत लागते, उलटा फिरवला की हाताला अडते, आणि उजेडात दोन्ही बाजूंचा रंग वेगळा दिसतो. म्हणून कोटाचे सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने कापायचे असतात. वहिनी कापडाच्या मागच्या बाजूला खडूने बाण काढून ठेवतात, कापणाऱ्याला विसर पडू नये म्हणून. मास्तरांना विसर पडला नव्हता. कापड थोडं कमी होतं, डावी बाही सरळ बसेना, म्हणून त्यांनी ती खालचं वर करून बसवली आणि कापली. चालून जाईल, असं मनात म्हणाले असतील. दुकानातला दिवाही असा मरतुकडा, की त्याच्याखाली सगळंच चालून जातं.

वहिनींना तुकडे हातात आल्याबरोबर कळलं. मी ऐकलं ना, प्लायवुडमधून.

"अहो, ही बाही उलटी कापलीय. हात फिरवून बघा."

"तू शीव. मला शिकवू नकोस."

झालं. वहिनींनी शिवला कोट. दुसऱ्या दिवशी गाणाऱ्या बाई आल्या, कोट घातला, दुकानातल्या आरशात खूश झाल्या आणि मग चांगल्या उजेडात बघावं म्हणून पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. मी तेव्हा बाहेरच होते, माझ्या फळीवरची धूळ झटकत. उजवी बाही गडद जांभळी, वांग्याच्या सालीसारखी. डावी बाही फिकट, कितीदा धुतल्यासारखी. बाईंचं तोंड उतरलं.

"मास्तर, हे काय?"

आणि मास्तर, ज्यांना आम्ही सगळे इतका सरळ माणूस समजतो, त्यांनी माझ्यादेखत मागे मान वळवून सांगितलं, "हिने घोळ केलाय. बाही उलटी जोडली."

गिऱ्हाइकासमोर वहिनी कधीच बोलत नाहीत. बाई कोट ठेवून गेल्या आणि मग आत जे पेटलं ते विचारू नका. वहिनींनी विचारलं, माझं नाव का घेतलंत? मास्तर म्हणाले, गिऱ्हाईक तुटलं असतं. वहिनी म्हणाल्या, मी आधीच सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, तू सदानकदा काहीतरी सांगतच असतेस. असं एकावर एक चढत गेलं. शेवटी मास्तर ओरडले, "पाटीवर नाव माझं आहे! तू नुसते टाके घालतेस. टाके घालणाऱ्या गल्लीत ढिगाने मिळतात!"

वहिनी बाहेर आल्या, चपला घातल्या, मला म्हणाल्या, "ताई, मी बहिणीकडे जातेय." डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर मला बरं वाटलं असतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी मास्तरांना चार शब्द सुनवायला दारापर्यंत गेलेही, पण ते टेबलाला धरून असे उभे होते की माझे शब्द माझ्याच तोंडात राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर माझ्या दुकानात आले. "बाई, इथे बसू का जरा? तिकडे बसवत नाही."

मी स्टूल सरकवलं. बसा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. माझा राग उतरायला वेळ लागतो आणि तो लवकर उतरावा अशी माझी इच्छाही नसते.

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. एका शब्दाला एक दम. बराच वेळ गेल्यावर फोन माझ्यापुढे धरला.

"तुमच्यासमोर बोललो होतो सगळं, म्हणून तुम्ही वाचलंत तर चालेल. पण तुमचा एक शब्द घालायचा नाही."

मी वाचलं. 'झालं गेलं विसरून जा. घरी ये.'

"छान आहे," मी टोमणा मारला. "भाजी आणायला पाठवताय का?"

त्यांनी पुन्हा वाचलं आणि सगळं पुसलं. "बरोबर आहे. झालं गेलं नाही, मी केलेलं आहे."

मला हे वाक्य आवडलं, पण मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

पुढचा प्रयत्न होता, 'तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर.' हा मला तसा बरा वाटला. लोक असंच तर लिहितात. आमचे हे तर एवढंही लिहायचे नाहीत. भांडण झालं की पेरू कापून बशी माझ्यापुढे सरकवतात आणि मी ती माफी समजायची. पण मास्तरांना ते पटेना.

"असेल तर कसं? मी तिथेच होतो. तिचा चेहरा बघितलाय. वाटलंच आहे."

पुसलं. मग त्यांनी बरंच मोठं लिहिलं. त्यात कापड कमी होतं, गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं, रात्रभर पाठ दुखत होती, हे सगळं होतं. मला खरंच दया आली. पाठ दुखत होती हे काही खोटं नव्हतं. मीच त्यांना मलम दिलं होतं. मी म्हटलं, आता कसं माणसासारखं झालं, पाठवून द्या.

मास्तर फोन हातात धरून रस्त्याकडे बघत राहिले. समोरून एक सायकलवाला गेला, एक बाई छत्री दुरुस्त करून घेऊन गेली.

"हे काढतो," ते म्हणाले.

"का? खरं आहे ना?"

"खरं आहे. पण तिला त्याचं काय करायचं? पाठ दुखत होती म्हणून मी तिचं नाव घेतलं, असं होतं ते. पाठ दुखली तर माणूस ओय म्हणतो, दुसऱ्यावर ढकलत नाही."

आता मी वाद घालायला बसले. माझा स्वभावच तसा. म्हटलं, अहो मास्तर, बायको तुमची आहे, न्यायाधीश नाही. तिला तुमची बाजू कळली तर तिचा राग कमी होईल.

"माझी बाजू तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कापड कमी आहे हे तिनेच मोजून सांगितलं होतं. मी तिला समजावायला लिहीत नाही बाई. मी काय केलं ते मला माहीत आहे, एवढं तिला कळवायला लिहितोय."

मी गप्प झाले. मी गप्प झाले हे माझ्या ओळखीच्या कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

मग त्यांनी उलट्या टोकाला जाऊन लिहिलं: 'मी नालायक माणूस आहे. तू माझ्यासारख्याबरोबर इतकी वर्षं राहिलीस हेच खूप. कालपासून जेवलो नाही.' हे वाचून माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हटलं, बस, आता हे वाचल्यावर ती पहिली रिक्षा पकडून येईल.

"तेच तर," मास्तर म्हणाले आणि तेही पुसायला लागले. "येईल. आणि मला समजावत बसेल, की तुम्ही नालायक नाही, आधी चार घास खा. म्हणजे दुखलं तिचं आणि गोंजारायचं तिनेच मला."

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. "कोटाचं लिहा. कार्यक्रम आठवड्यावर आलाय, कोट तसाच लटकतोय. काम अडलं म्हटल्यावर त्या थांबणारच नाहीत."

तेव्हा मास्तर पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "कोटासाठी बोलावू? म्हणजे टाके घालायला ये, असंच की!"

बरोबर होतं त्यांचं. मी उगाच इलास्टिकची गुंडाळी सोडून पुन्हा गुंडाळली.

ते एकदम उठले. "आधी दुसरं काम आहे. ते केल्याशिवाय हे लिहिता येणार नाही." दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी गाणाऱ्या बाईंना फोन लावला. मुद्दाम तिथेच, जिथे बाईंनी कोट उजेडात बघितला होता. हळू आवाजात नाही, नेहमीच्या आवाजात.

"बाई, शिलाईवाला मास्तर बोलतोय. काल मी तुमच्यासमोर खोटं बोललो. बाही माझ्या बायकोने उलटी जोडली नाही, मी उलटी कापली. तिने मला आधी सांगितलंही होतं. ... हो. ... हो, मीच. ... नाही, कोट मी करून देतो, मखमल माझ्याकडून. पण फोन कोटासाठी नाही केला. तिच्या कामात खोट नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मास्तरांचे कान लाल झालेले मात्र दिसले. चहावाला आणि छत्रीवाला दोघेही हातातलं काम सोडून ऐकत होते. मास्तरांनी त्यांच्याकडे पाठ केली नाही. आपल्याच गल्लीत, आपल्याच पायरीवर, आपल्याच तोंडाने असं बोलायला केवढी छाती लागते! मी तरी बोलले नसते. मी गिऱ्हाईक बदललं असतं.

आत येऊन त्यांनी लिहायला घेतलं. या वेळी पुसापुसी थोडी झाली. एकाच वाक्यावर ते अडले आणि मीही. मी सगळा मजकूर तसाच देते, कारण तो बघूनच माझा राग उतरला.

'काल गिऱ्हाइकासमोर बाहीची चूक मी तुझ्यावर ढकलली. बाही मी उलटी कापली होती. तू शिवायच्या आधी सांगितलं होतंस आणि मी तुला गप्प केलं. सगळं माहीत असून मी तुझं नाव घेतलं. नंतर पाटीवरून आणि टाक्यांवरून बोललो. ते खरं नाही. तुला लागावं म्हणूनच बोललो. तुझ्या कामाचा मी लोकांसमोर अपमान केला. मी तुझी माफी मागतो. गिऱ्हाइकाला आज फोन करून खरं सांगितलं. यापुढे कापताना तू थांब म्हणालीस की मी कात्री खाली ठेवीन, समोर कोणीही असो. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. तुला हवे तेवढे दिवस घे.'

"हे 'लागावं म्हणूनच' कशाला लिहिलंत?" मी विचारलं. "रागाच्या भरात बोलून गेलो, असं लिहा की. तुमच्या मनातलं त्यांना कुठे माहितीये?"

"तिला माहीत आहे. मी ते कबूल करीन की नाही, एवढंच तिला माहीत नाही."

आणि त्यांनी बटण दाबलं. दाबल्यावर बोट पोळल्यासारखं मागे घेतलं.

दुपारी दोन निळ्या खुणा आल्या. वहिनींनी वाचलं होतं. उत्तर नाही. मी दर थोड्या वेळाने प्लायवुडवर टकटक करून विचारायचे, "आलं का?" आणि तिकडून आवाज यायचा, "नाही." संध्याकाळी मी म्हटलं, अजून एक पाठवा, निदान 'वाचलंस ना' एवढं तरी. मास्तर म्हणाले, "उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, हे मीच लिहिलंय. आता मागे लागलो तर ते खोटं ठरेल." मग फोन उलटा ठेवून काम करत राहिले. तळमळत होते हो. खडू शोधत होते आणि खडू कानावर होता.

उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी. मास्तरांनी स्वतःहून येऊन दाखवलं. 'वाचलं. सगळं बरोबर लिहिलंत. राग अजून आहे. सध्या इथेच आहे.'

माझा विरस झाला. इतकं मन मोकळं केलं आणि हे उत्तर! पण मास्तरांनी फक्त 'बरं' असं लिहिलं. मला म्हणाले, "राग असणारच. मी माफी मागितली, राग सोड असं नाही म्हटलं."

त्यानंतरचे दिवस ते एकटेच कोटाशी झगडत होते. नवी मखमल आणली, या वेळी भरपूर. मागच्या बाजूला बाण काढले, वहिनी काढतात तसे, पण त्यांचे बाण इतके जाडजूड की ट्रक थांबले असते. जुनी बाही उसवली, नवी कापली, मशीनवर बसून स्वतः जोडली. मशीनचा आवाज ऐकूनच कळायचं की वहिनी नाहीत. त्यांचं मशीन बोलत जातं. मास्तरांचं ठेचकाळत जायचं. त्यातून झाली एक बाही. लव बरोबर, रंग बरोबर, खांद्याच्या जोडाला मात्र चुण्या.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी वहिनी आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. मला "कशा आहात ताई" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी माझ्या बाजूने दोऱ्यांची रिळं लावायचं काम काढलं, प्लायवुडला अगदी लागून.

मग वहिनींचा आवाज आला.

"खांद्याला चुण्या आहेत."

"आहेत," मास्तर म्हणाले.

"आधी चहा सांगा."

चहा आला. तो मीही प्यायले, माझ्या बाजूला. वहिनींनी ती बाही पुन्हा उसवली, जोडली, आणि गाणाऱ्या बाई कोट घालून पायरीवर उभ्या राहिल्या तेव्हा दोन्ही बाह्या एकाच रंगाच्या होत्या. बाई वहिनींना म्हणाल्या, "तुमच्या मास्तरांचा फोन आला होता." वहिनी म्हणाल्या, "कळलं मला." पाटीचं मी मुद्दाम काढलं. मास्तर म्हणाले, पाटीचं ती ठरवेल. वहिनी म्हणाल्या, रंग उडाला की बघू. अजून उडालेला नाही.

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं. माफी मागितली, माणूस परत आलं, कोट गेला. पण मास्तरांनी काय लिहिलं होतं ते मी विसरले होते. ते विसरले नव्हते.

पुढच्या महिन्यात एक भारी कापडाचा सूट आला. गिऱ्हाईक तालेवार, दाढीला अत्तर लावून येणारा, टेबलापाशी उभं राहून आपलं कापड कापलं जाताना बघणारा. मी बटणं दाखवायला आत गेले होते. मास्तरांनी कात्री कापडाला लावली, पहिला चावा घेणार, एवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, "थांबा."

मास्तरांचा हात जिथे होता तिथून वर आला आणि त्यांनी कात्री खाली ठेवली. टेबलावर, पात्यावर पातं, आवाज न करता. साहेबांच्या भुवया वर गेल्या. "काय झालं मास्तर? मालक कोण आहे इथे?" असं ते हसत म्हणाले. मास्तर हसले नाहीत, उत्तरही दिलं नाही. बाजूला सरकले.

वहिनी उठून आल्या. कापड उलटून बघितलं, सरळ बघितलं, दाराशी नेऊन उजेडात धरलं, पुन्हा आणून टेबलावर पसरलं आणि त्यावरून तळहात फिरवला. मग म्हणाल्या, "नाही. बरोबर आहे. कापा."

म्हणजे या वेळी मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. मी मास्तरांकडे बघत होते. 'बघ, मी बरोबरच होतो' म्हणायला इतकी सोन्यासारखी संधी! गिऱ्हाईक समोर, मी समोर, आणि नुसतं एक 'हं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या तर जिभेवर आलंच होतं, त्यांच्या वतीने.

मास्तर म्हणाले, "बरं झालं बघितलंस." आणि कात्री उचलून कापायला लागले.

वहिनी मशीनवर जाऊन बसल्या. पाय मात्र लगेच चालवला नाही. दाराकडे पाठ होती, तरी मला बाजूने दिसलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मग मशीन बोलायला लागलं.